पाहुण्यांच्या निरोपांतील आदर भाषांतरात कसा राखतो : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोकणात घरगुती निवास आणि लहान हॉटेले चालवणारे आमचे ग्राहक पाहुण्यांचे निरोप मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करून घेतात. भाषांतर मूळ शब्दांपासून दूर का गेले, असे काही जण विचारतात. त्याचा खुलासा येथे केला आहे.

‘वुई वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड व्हेकेट द रूम बाय इलेव्हन’ हे नेहमीचे वाक्य घेऊ. ते शब्दशः उतरवल्यास ‘आपण अकरापर्यंत खोली सोडलीत तर आम्हाला आनंद होईल’ असे होते, आणि पाहुणे जाण्याची यजमान वाटच पाहत आहेत असा भास होतो. शिवाय ‘सोडलीत तर’मुळे न सोडण्याचीही मुभा असल्यासारखे वाटते; इंग्रजी वाक्य मऊ असले तरी त्यात तशी मुभा नसते. म्हणून आम्ही लिहितो, ‘पुढील पाहुण्यांसाठी खोली तयार करायची असल्याने कृपया सकाळी 11 वाजेपर्यंत ती रिकामी करावी, ही विनंती.’

मराठीत आदर ‘करावी’ या रूपातच असतो, पण इंग्रजी आज्ञार्थात त्याला जागा नाही. त्यामुळे ‘गरम पाण्याची सोय करावी’ हा मराठी पाहुण्याचा सौजन्यपूर्ण निरोप तसाच इंग्रजीत नेला की हुकूम वाटतो, आणि तेथे आम्ही ‘कुड यू प्लीज’ अशी प्रश्नाची बांधणी घेतो. उलट, इंग्रजी पाहुणा ‘अ लिटल डिसअपॉइंटेड’ म्हणतो तेव्हा बहुधा तक्रार गंभीर असते. तिचे ‘थोडी निराशा झाली’ असे भाषांतर करून आपल्याला गाफील ठेवण्यापेक्षा ‘पाहुणे नाराज आहेत’ असे आम्ही स्पष्ट लिहितो.

‘आपण’ या शब्दाबाबत मात्र आम्ही विशेष सावध असतो, कारण त्याचा अर्थ ‘तुम्ही’ही होतो आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असाही होतो. ‘आपण सकाळी 8 वाजता जेटीवर पोहोचावे’ एवढेच लिहिल्यास यजमान सोबत येणार की नाही हे कळत नाही, म्हणून पुढे ‘आमचा माणूस तेथे भेटेल’ असे जोडतो. पाहुणे पुरुष की स्त्री हे नावावरून कळले नाही, तर ‘पोहोचला आहात’ किंवा ‘पोहोचल्या आहात’ यांऐवजी ‘पोहोचलात’ हे दोघांनाही चालणारे रूप वापरतो. नावामागे ‘सौ.’ मात्र अंदाजाने कधीच लावत नाही.

निरोप पाठवताना तो पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आहे की दरवर्षीच्या ओळखीच्या कुटुंबासाठी, हे कृपया कळवावे. ओळखीच्यांना ‘आपण’ परके वाटते, तेथे ‘तुम्ही’च शोभते. स्वयंपाकघर बंद होण्याच्या वेळेसारख्या ज्या गोष्टींना पर्याय नाही, त्यांखाली रेघ ओढून द्यावी, म्हणजे वाक्य कितीही मऊ झाले तरी त्या ढिल्या पडणार नाहीत.