पोटदुखी बेंबीपासून उजवीकडे का सरकते?

"डॉक्टर, बेंबी सरकलीय त्याची. रात्री तेल लावून चोळली, एरंडेल पण देणार होते, पण ह्यानं घेतलं नाही." शहराच्या पूर्व भागातल्या एक आजी नातवाला घेऊन सकाळी सात वाजता दवाखान्यात आल्या होत्या. पोरगा एकोणीस वर्षांचा, बी.कॉम.ला. रिक्षातून उतरून आत येताना कमरेत किंचित वाकलेला, उजवा हात पोटावर. मी विचारलं, "रस्त्यात स्पीडब्रेकरवर दुखलं का रे?" तो म्हणाला, "प्रत्येक स्पीडब्रेकरला, सर. शेवटी रिक्षावाल्याला हळू घ्या म्हणालो."

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 2012 साली हेच मोजून पाहिलं होतं. अपेंडिक्सची सूज पुढे पक्की ठरली अशा 34 जणांपैकी 33 जणांना दवाखान्यात येताना स्पीडब्रेकरवर कळ आली होती. याची दुसरी बाजूही आहे. इतर पोटदुखीच्या रुग्णांनाही धक्क्यानं दुखतं, त्यामुळे दुखलं म्हणजे अपेंडिक्सच असं म्हणता येत नाही. मात्र अजिबात दुखलं नाही, तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते.

आजींचं निरीक्षण चुकलेलं नव्हतं. दुखणं खरंच बेंबीपाशी सुरू झालं होतं आणि खरंच सरकलं होतं. आदल्या रात्री नऊच्या सुमाराला बेंबीभोवती गोळा आल्यासारखं झालं, भाकरी नको वाटली, मग दोनदा उलटी. पहाटे पाचनंतर दुखणं खाली उजव्या बाजूला आलं आणि तिथेच टोचत राहिलं. सरकली ती बेंबी नाही. बदलल्या त्या दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या नसा.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली, करंगळीएवढी नळी. बऱ्याचदा तिचं तोंड विष्ठेच्या घट्ट खड्यानं किंवा तिच्या भिंतीतल्या सुजलेल्या ग्रंथींनी बुजतं. आतला चिकट स्राव मात्र झरतच राहतो. नळी फुग्यासारखी ताणते. आतड्याच्या नसांना कापलेलं, भाजलेलं फारसं कळत नाही, ताण मात्र लगेच कळतो. अपेंडिक्सचा ताण सांगणाऱ्या नसा मज्जारज्जूत ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर बेंबीभोवतीच्या त्वचेच्या नसाही येतात. एकाच पेटीत पडलेली दोन घरांची पत्रं जशी मिसळावीत, तसं होतं. मेंदूला वर्षानुवर्षं त्या पेटीतून त्वचेचीच पत्रं मिळालेली, म्हणून तो दुखणं बेंबीच्या नावावर टाकतो. या टप्प्यावर रुग्णाला बोटानं जागा दाखवता येत नाही, तो सगळा तळवा पोटावर फिरवतो.

पुढचे काही तास महत्त्वाचे. आतला दाब वाढला की पातळ भिंतीच्या शिरा आधी दबतात. रोहिणीतून रक्त आत येत राहतं, पण बाहेर जायला वाट उरत नाही. भिंत फुगते, आतले जंतू भिंतीत घुसतात आणि सूज बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत येते. तिथे ती पोटाच्या आतल्या अस्तराला, पेरिटोनियमला, टेकते. या अस्तराच्या नसा आतड्याच्या नाहीत, पोटाच्या भिंतीच्या आहेत, आणि त्यांना जागा अचूक ठाऊक असते. म्हणून आता रुग्ण एका बोटानं जागा दाखवतो. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ कल्पा. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर ती जागा असते. अमेरिकेतले सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 साली ती सांगितली, आजही ती त्यांच्याच नावानं ओळखतात. स्पीडब्रेकरवर हेच सुजलेलं अस्तर हलतं.

सगळ्यांचं दुखणं मात्र असं पुस्तकाप्रमाणे सरकत नाही. अपेंडिक्स आतड्याच्या मागे दडलेलं असेल तर पुढून पोट दाबून फारसं दुखत नाही, कंबर दुखते. ओटीपोटात लोंबत असेल तर वारंवार लघवीला होतं आणि उपचार लघवीच्या जंतुसंसर्गाचे सुरू होतात.

पोट चोळणं आणि जुलाबाचं औषध देणं मला धोक्याचं वाटतं ते याच कारणानं. भिंत कुजत आलेली असताना वरून दाब द्यायचा किंवा आतड्याला जोरात आवळायला लावायचं, म्हणजे फुटण्याला मदत करायची. फुटल्यावर ताण गेल्यामुळे दुखणं थोडा वेळ कमी होऊ शकतं. घरचे म्हणतात, बेंबी बसली. काही तासांत सगळं पोट फळीसारखं कडक होतं. (पेरूच्या बियांनी अपेंडिक्स होतं म्हणून मुलांचा पेरू बंद करणाऱ्यांनी तो खुशाल खाऊ द्यावा.)

पोराचं पोट तपासलं. उजवीकडे खाली दाबल्यावर दुखलं आणि हात पटकन उचलल्यावर जास्त कळ आली. ताप नव्हता. रक्तात पांढऱ्या पेशी 12,800. अल्फ्रेडो अल्वाराडो यांनी 1986 साली दहा गुणांची एक पद्धत दिली, ती मी कागदावर मांडली. दुखणं सरकलं, एक. भूक गेली, एक. उलटी, एक. उजवीकडे दाबल्यावर दुखणं, दोन. हात सोडल्यावर कळ, एक. पांढऱ्या पेशी दहा हजारांवर, दोन. तापाचा एक गुण मिळाला नाही, न्यूट्रोफिल पेशींचं प्रमाण वाढलं नव्हतं म्हणून तोही नाही. एकूण आठ. चारपर्यंत गुण असतील तर अपेंडिक्सची शक्यता कमी धरतात, सात किंवा जास्त असतील तर दाट. तरुण मुलींमध्ये बीजकोशाचे आजारही असेच गुण मिळवून देतात, त्यामुळे तिथे या बेरजेवर विसंबून चालत नाही.

सोनोग्राफीत नळी 9 मिलिमीटर जाड दिसली, सर्वसाधारण मर्यादा 6 ची. प्रोबनं दाबूनही ती चपटी होत नव्हती. आत खडा नव्हता. सोनोग्राफीत कधीकधी गॅसमुळे अपेंडिक्स दिसतच नाही. रिपोर्टमध्ये 'दिसले नाही' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ 'नॉर्मल' असा घेऊ नये. अशा वेळी शंका उरली तर सीटी स्कॅन करावा लागतो.

मग पोरानं मोबाइलवरचा एक व्हिडिओ दाखवला: 'अपेंडिक्स, ऑपरेशनशिवाय, कायमचं बरं.' यातला 'कायमचं' हा शब्द खोटा आहे, 'ऑपरेशनशिवाय' हा नाही. फिनलंडमधल्या अभ्यासात सीटीनं खात्री केलेल्या, खडा किंवा गळू नसलेल्या 257 रुग्णांना फक्त अँटिबायोटिक दिली. वर्षभरात साधारण 27 टक्क्यांना शस्त्रक्रिया करावी लागली, पाच वर्षांत 39 टक्क्यांना. अमेरिकेतल्या 2020 च्या मोठ्या अभ्यासात खडा असलेलेही घेतले होते. तिथे तीन महिन्यांतच, खडा असलेल्यांपैकी 41 टक्क्यांचं आणि नसलेल्यांपैकी 25 टक्क्यांचं ऑपरेशन झालं. कारण उघड आहे. अँटिबायोटिक जंतू मारतं, नळीच्या तोंडात अडकलेला खडा काढत नाही.

शिवाय हा उपचार म्हणजे मेडिकलमधून आणलेली पाच गोळ्यांची पट्टी नव्हे. फिनलंडमध्ये तीन दिवस शिरेतून औषध आणि नंतर सात दिवस गोळ्या दिल्या होत्या. दुखणं एक-दोन दिवसांत उतरलं नाही तर ऑपरेशनला तयार असावं लागतं. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या, रात्री गाडी न मिळणाऱ्या माणसाला मी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढून घ्यायलाच सांगतो. ऊस तोडायला सहा महिने परमुलखात जाणाऱ्यालाही तेच.

या पोराचं घर मात्र रुग्णालयापासून दहा मिनिटांवर, नळीत खडा नाही आणि परीक्षा पंधरा दिवसांवर. सर्जननी त्याला दोन्ही वाटा आकड्यांसह सांगितल्या, त्यानं अँटिबायोटिक निवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताठ उभा राहून चालत होता. घरी सोडताना सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो त्याच्या आणि वडिलांच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवायला लावला. आजींना जवळ बसवून सांगितलं, "पुन्हा बेंबीभोवती दुखलं, तर तेल नाही, एरंडेल नाही. उपाशीपोटी तसंच घेऊन या." त्यांनी विचारलं, "पाणी पण नाही?" म्हटलं, "पाणी पण नाही. ऑपरेशन लागलं तर भूल द्यायला पोट रिकामं लागतं."