कासव पडले कशामुळे? गोष्टीचा विषय, आशयसूत्र आणि तात्पर्य

‘गोष्टीचे विश्लेषण करा’ असा गृहपाठ मिळाला की त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारलेल्या असतात: विषय, आशयसूत्र आणि तात्पर्य. आशयसूत्राला कुठे ‘मध्यवर्ती कल्पना’ म्हणतात, तात्पर्याला कुठे ‘बोध’. इंग्रजी माध्यमाच्या वहीत हेच टॉपिक, थीम आणि मॉरल होऊन येते. विषय फारसा कुणाचा चुकत नाही. घोळ होतो तो उरलेल्या दोघांत. आशयसूत्राच्या जागी तात्पर्य लिहिले जाते, मग तात्पर्याच्या जागी तेच वाक्य थोडे फिरवून पुन्हा येते.

दोन हंस आणि कासवाची गोष्ट घेऊ. तळे आटते, हंस चोचीत काठी धरतात, कासव ती काठी मधोमध तोंडात पकडते. अट एकच: तोंड उघडायचे नाही. खालून लोक काहीतरी ओरडतात, कासव बोलायला तोंड उघडते आणि पडते.

मराठी व्याकरण इथे चांगले उपयोगी पडते. विषयाला क्रियापद लागत नाही. ‘वाचाळपणा’, ‘संकटात मित्रांची मदत’, ‘बोलण्यावरचा ताबा’ अशा एखाद्या नामात किंवा छोट्या शब्दसमूहात तो मावतो. आशयसूत्र मात्र पूर्ण वाक्य असते आणि त्यातले क्रियापद साधे, व्याकरणातल्या अर्थाने स्वार्थी, म्हणजे नुसते विधान करणारे असते: असे होते, असे घडते, माणूस असा वागतो. तात्पर्यातले क्रियापद विध्यर्थी किंवा आज्ञार्थी असते: असे करावे, तसे करू नये, हे लक्षात ठेव. विषय गोष्ट कशाबद्दल आहे ते सांगतो, आशयसूत्र त्या बाबतीत गोष्टीला काय दिसले ते सांगते आणि तात्पर्य वाचणाऱ्याने काय करायचे ते सांगते.

पण नुसते क्रियापद बदलून काम भागत नाही. सर्वात जास्त चुका इथेच होतात. ‘जास्त बोलू नये’ हे तात्पर्य आहे हे कळल्यावर विद्यार्थी आशयसूत्रात ‘जास्त बोलणाऱ्याचे नुकसान होते’ असे लिहितो. क्रियापद स्वार्थी झाले, तरी वाक्य तात्पर्याचेच राहिले. ‘नुकसान होते’ म्हणजे ‘म्हणून करू नये’ एवढाच त्याचा अर्थ. ते ओळखायची खूण अशी: वाक्यापुढे ‘म्हणून’ लावून पाहायचे. एकच सरळ उपदेश लगेच बाहेर पडत असेल, तर ते वाक्य बहुधा उपदेशच होते. आशयसूत्रापुढे ‘म्हणून’ लावले की दोन-तीन वेगवेगळ्या दिशा दिसतात.

मग या गोष्टीचे आशयसूत्र शोधायचे कसे? शेवटाकडे धावण्याऐवजी मधली वस्तू पाहा. काठी कासवाने तोंडात धरली आहे. जीव ज्याच्या आधारावर तरंगतो आहे आणि बोलायला जे लागते, ते एकच: तोंड. कासवाच्या पायात दोरी बांधली असती तर ते वाटेल तेवढे बोलले असते, काहीच बिघडले नसते. म्हणजे गोष्ट नुसत्या बोलण्याबद्दल नाही. बोलण्याची किंमत कुठल्या क्षणी केवढी असते, याबद्दल आहे. आता दुसरी जागा पाहा: कासवाला अट माहीत होती, त्याने ती मान्यही केली होती. तेव्हा ‘अज्ञान’ हा मुद्दा बाद होतो. तिसरी जागा: कासव आपणहून बोलत नाही, खालच्या लोकांमुळे बोलते. या तिन्ही जागा एका वाक्यात बसवल्या की साधारण असे होते: ‘लोक आपल्याविषयी काही बोलू लागले की उत्तर द्यायची ओढ इतकी जोरदार असते, की माणूस स्वतःचा आधार कशावर आहे हे माहीत असूनही विसरतो.’ ह्यापुढे ‘म्हणून’ लावून पाहा. म्हणून गप्प बसावे? म्हणून लोकांकडे दुर्लक्ष करावे? म्हणून दुसऱ्याच्या आधारावर असताना जास्त सावध राहावे? तिन्ही निघतात. हे आशयसूत्र झाले.

त्यातली परीक्षा हीच: आशयसूत्राला गोष्टीतल्या निदान दोन वेगवेगळ्या जागांचा आधार हवा आणि त्यातली एक शेवटाच्या आधीची हवी. ज्या वाक्याला फक्त शेवटचा आधार आहे, ते बहुधा तात्पर्य असते, कारण तात्पर्य नेहमी परिणामावर उभे असते.

तात्पर्य सांगणाऱ्याचे असते, हे या गोष्टीत फार स्पष्ट दिसते, कारण ती दोन जुन्या ठिकाणी दोन वेगळ्या कामांसाठी सांगितली गेली आहे. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात, मित्रभेदात, कासवाचे नाव कंबुग्रीव आणि हंसांची संकट व विकट. ही गोष्ट टिटवी आपल्या नवऱ्याला सांगते. समुद्र अंडी नेईल, जागा बदलू, असे तिने आधी सांगितले होते. त्याने ऐकले नाही आणि समुद्राने अंडी नेली. म्हणून तिची गोष्ट ज्या श्लोकाने सुरू होते, त्यात बडबडीचा उल्लेखच नाही. हित इच्छिणाऱ्या मित्रांचे जो ऐकत नाही, तो काठीवरून पडलेल्या मूर्ख कासवासारखा नाश पावतो, असे तो श्लोक म्हणतो. टिटवीला नवऱ्याला जे सुनवायचे होते, तेच तात्पर्य झाले.

जातककथांतही हीच गोष्ट आहे, कच्छप जातक, क्रमांक 215. तिथे वाराणसीचा राजा फार बोलका असतो, तो बोलू लागला की दुसऱ्याला संधीच मिळत नाही. त्याचा अमात्य म्हणजे बोधिसत्त्व, पूर्वजन्मातले बुद्ध, त्याला ही खोड दाखवायची वेळ शोधत असतो. कासव नेमके राजवाड्याच्या अंगणात पडते आणि दुभंगते. अमात्य राजाला कासव का पडले ते सांगतो, आणि तात्पर्य होते: बोलण्यावर ताबा ठेवावा. गोष्ट तीच, घटना त्याच, पण ऐकणारा बदलला आणि तात्पर्यही बदलले. आज शाळेत सांगितले जाणारे तात्पर्य जातकाच्या जवळचे आहे, मग गोष्ट पंचतंत्राच्या नावाने छापलेली का असेना.

म्हणून गृहपाठात कुठली आवृत्ती वाचली ते पाहणे गरजेचे आहे, कारण बारीक तपशिलाने आशयसूत्रही सरकते. जातकात खाली मुले ओरडतात, ‘दोन हंस कासवाला काठीवरून नेताहेत!’ आणि कासवाला त्यांना फटकारायचे असते: माझे मित्र मला नेतात, त्याचे तुम्हाला काय? इथे कासव अपमानाने पेटते. पंचतंत्रात नगरातले लोक म्हणतात, पक्षी चाकासारखे काहीतरी घेऊन चालले आहेत. आणि कासव विचारू पाहते, हा गोंगाट कसला? इथे राग नाही, कुतूहल आहे. पहिल्या आवृत्तीवर लिहिताना वर दिलेले आशयसूत्र तंतोतंत बसते. दुसरीवर लिहिताना ‘उत्तर द्यायची ओढ’ हे शब्द काढून ‘आपल्याभोवती काय चालले आहे ते जाणून घ्यायची ओढ’ असे करावे लागेल, नाहीतर शिक्षक विचारतील, ‘उत्तर कुठे दिले त्याने?’ आणि ते रास्तच असेल.

आणखी दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, आशयसूत्रात कासव, हंस, काठी ही नावे येतात: ‘कासवाने मित्रांचे ऐकले नाही म्हणून ते पडले.’ हा कथासार आहे. पात्रांची नावे काढून ‘माणूस’ किंवा ‘एखादा’ घातल्यावर वाक्य टिकते का ते पाहावे. टिकले तर आशयसूत्राच्या वाटेवर आहात. दुसरी चूक उलट टोकाची: ‘जीवनात संयम महत्त्वाचा असतो.’ हे वाक्य शंभर गोष्टींना चिकटते, त्यामुळे या गोष्टीबद्दल काहीच सांगत नाही. ते अरुंद करायला गोष्टीतलीच एक अट त्यात घाला: संयम कधी, कशाच्या मोबदल्यात, कुणासमोर.

तात्पर्याला म्हण जोडायची सवयही जपून वापरावी. ‘अति तेथे माती’ बसते असे वाटते, पण पंचतंत्रातल्या कासवाने अति काहीच केले नाही. ते एकच वाक्य बोलायला गेले आणि तेही अर्धेच राहिले. म्हण घालण्याआधी तिच्यातला प्रत्येक शब्द गोष्टीवर ठेवून पाहायचा.

वहीत उत्तर लिहायचे असेल तर जातकातल्या आवृत्तीवर ते असे होईल.

विषय: बोलण्यावरचा ताबा.

आशयसूत्र: कुणी आपल्याविषयी बोलले की उत्तर देण्याची ओढ इतकी जोरदार असते, की आपला जीव ज्याच्यावर टिकून आहे ते सोडले जात असल्याचेही त्या क्षणी भान राहत नाही. (आधार: कासव अट मान्य करते, मुलांचे बोलणे त्याला झोंबते, काठी आणि बोलणे दोन्हींसाठी एकच तोंड असते.)

तात्पर्य: कुठे गप्प राहायचे हे ओळखावे आणि तिथे गप्पच राहावे. (आधार: कासवाचा शेवट, अमात्य हे बोलक्या राजाला सांगतो.)

कंसातला आधार लिहायला विसरू नका. नुसती वाक्ये पाहून कधी कधी कुठले वाक्य कुठल्या रकान्यातले, असा प्रश्न पडतो. आधार पाहिला की तो सुटतो.

सगळ्याच गोष्टींत ही दोन्ही इतकी लांब नसतात. ससा आणि कासवाच्या शर्यतीत ‘सावकाश पण सतत चालणारा जिंकतो’ हे आशयसूत्र आणि ‘सातत्य ठेवावे’ हे तात्पर्य जवळजवळ एकमेकांवर बसतात. इसापच्या गोष्टींखाली छापलेली बरीच तात्पर्ये नंतरच्या संग्राहकांनी जोडलेली आहेत, तेव्हा ती झाकून गोष्ट वाचावी. मग नजर सशाकडे जाते: तो हरतो तो पाय कमी पडल्यामुळे नाही, जिंकल्याची खात्री वाटून झोपल्यामुळे. ‘ज्याला आपल्या ताकदीची पूर्ण खात्री असते, तो तिचा वापर करायचे थांबतो’ हे आशयसूत्र खालच्या छापील तात्पर्याने झाकलेले होते.