ताण चाचणीच्या नोंदींवरून धातूचे गुणधर्म काढणे

धातूचा नमुना यूटीएम या ओढून ताण देणाऱ्या यंत्राच्या जबड्यांत पकडून तुटेपर्यंत ओढला, की हाती दोनच गोष्टींच्या नोंदी येतात: भार किती आणि लांबी किती वाढली. यील्ड पॉइंट, प्रूफ प्रतिबल, कमाल प्रतिबल, तन्यता आणि खरे प्रतिबल हे आकडे त्या नोंदींवरून हिशेबाने काढावे लागतात. प्रतिबल म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ, विकृती म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ आणि यील्ड पॉइंट म्हणजे धातू कायमचा ताणला जाऊ लागतो ती जागा. बहुतेक चुका भागाकारात होत नाहीत. कोणत्या क्षेत्रफळाने भागायचे आणि कोणती लांबी धरायची, हे ठरवताना त्या होतात. भारतात ही चाचणी आयएस १६०८ या मानकानुसार करतात.

उदाहरणादाखल सौम्य पोलादाचा लेथवर कातलेला गोल नमुना घेऊ. व्यास १०.०० मिमी आणि गेज लांबी, म्हणजे वाढ मोजण्यासाठी नमुन्यावर केलेल्या दोन खुणांतले अंतर, ५० मिमी, व्यासाच्या पाचपट. मूळ क्षेत्रफळ ७८.५४ चौरस मिमी येते. व्यास मायक्रोमीटरने मधल्या भागात दोनतीन ठिकाणी, काटकोनात दोनदा मोजतात. त्यात एक टक्का चूक झाली तर क्षेत्रफळात आणि म्हणून प्रत्येक प्रतिबलात दोन टक्के चूक शिरते. फासळ्या असलेल्या टीएमटी सळईला मायक्रोमीटर लावून उपयोग नसतो. तिची लांबी व वजन घेऊन, दर मीटरच्या किलोग्रॅमला ०.००७८५ ने भागून क्षेत्रफळ काढतात.

भार वाढवत नेताना भार दाखवणारा काटा २२.४ किलोन्यूटनवर थबकला, मागे सरकला आणि २१.२ च्या आसपास रेंगाळत राहिला. लांबी मात्र वाढतच होती. थबकला तो वरचा यील्ड पॉइंट: २२,४०० भागिले ७८.५४, म्हणजे २८५ मेगापास्कल. रेंगाळला तो खालचा: २७० मेगापास्कल. काटा मागे येताना पहिल्या झोक्यात क्षणभर आणखी खाली जातो, तो आकडा धरायचा नाही. वरचा आकडा नमुना जबड्यांत सरळ बसला आहे का आणि ओढण्याचा वेग किती आहे यावर बराच हलतो. वेग वाढवला तर दोन्ही आकडे वर सरकतात. अहवालात नुसते ‘यील्ड २८५’ असे लिहिणे म्हणूनच अपुरे आहे. वरचा की खालचा, हे सांगायलाच हवे.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत किंवा थंड अवस्थेत खेचलेल्या पोलादात काटा असा थबकत नाही, आलेख हळूच वाकतो. तिथे ‘यील्ड कुठे’ या प्रश्नाला निसर्गाने दिलेले उत्तर नसते, म्हणून ते संकेताने ठरवतात: ०.२ टक्के कायमची विकृती उरेल ते प्रतिबल. याला प्रूफ प्रतिबल म्हणतात. त्याच मापाच्या ॲल्युमिनियम नमुन्यावर नमुन्यालाच पकडून वाढ मोजणारा, ५० मिमी गेज लांबीचा एक्स्टेन्सोमीटर लावून मिळालेल्या नोंदी अशा:

भार ४ किलोन्यूटन, वाढ ०.०४१ मिमी
भार ८ किलोन्यूटन, वाढ ०.०७८ मिमी
भार १२ किलोन्यूटन, वाढ ०.११४ मिमी
भार १६ किलोन्यूटन, वाढ ०.१५१ मिमी
भार २२ किलोन्यूटन, वाढ ०.२९२ मिमी
भार २२.५ किलोन्यूटन, वाढ ०.३३१ मिमी

पहिल्या चार नोंदी सरळ रेषेवर आहेत. ४ ते १६ किलोन्यूटनमध्ये वाढ ०.११० मिमी झाली, म्हणून चढ मिलिमीटरला १०९ किलोन्यूटन. ही रेषा मागे वाढवली तर ती शून्यातून न जाता ०.००४ मिमीवर आडव्या अक्षाला मिळते. सुरुवातीला नमुना आणि उपकरण बसताना गेलेला हा ढिलेपणा आहे. खरा शून्य तिथून धरायचा. ५० मिमीचे ०.२ टक्के म्हणजे ०.१०० मिमी. म्हणून ०.१०४ पासून त्याच चढाची समांतर रेषा काढायची आणि ती आलेखाला जिथे छेदते तो भार वाचायचा.

कागदावर रेषा न काढताही हे जमते. २२ किलोन्यूटनला लवचिक वाढ ०.२०२ आणि ढिलेपणा ०.००४ असे ०.२०६ मिमी व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ०.२९२ आहे. म्हणजे कायमची वाढ ०.०८६. २२.५ ला तसेच करून ती ०.१२० येते. ०.१०० या दोहोंच्या मध्ये, साधारण २२.२ किलोन्यूटनला पडते. प्रूफ प्रतिबल २८३ मेगापास्कल.

आकडा लिहून मोकळे होण्याआधी याच चढावरून लवचिकता गुणांक, म्हणजे सरळ रेषेच्या भागातले प्रतिबल भागिले विकृती, काढून पाहावा. इथे तो ६९ गिगापास्कल येतो. ॲल्युमिनियमला हा साजेसा आहे, म्हणजे एक्स्टेन्सोमीटर नीट बसला होता. तो १० किंवा १५ आला तर वाढ एक्स्टेन्सोमीटरऐवजी क्रॉसहेडच्या, म्हणजे जबडा ओढणाऱ्या यंत्राच्या आडव्या दांड्याच्या, सरकण्यावरून घेतली आहे हे ओळखावे. त्यात जबड्यांचे घसरणे, यंत्राच्या सांगाड्याचे ताणणे, सगळे मिसळलेले असते. अशा नोंदीवरून काढलेला ०.२ टक्के प्रूफचा आकडा भरवशाचा नसतो.

पुन्हा पोलादाकडे. कमाल भार ३४.६ किलोन्यूटन झाला. मूळ क्षेत्रफळाने भागून कमाल प्रतिबल ४४१ मेगापास्कल. यानंतर नमुना एका जागी बारीक होऊन त्याला मान पडली आणि भार उतरत जाऊन २५.९ किलोन्यूटनला नमुना तुटला. तुटलेले तुकडे घट्ट जुळवून गेजच्या दोन खुणांतले अंतर मोजले, ते ६५.५ मिमी. वाढ ३१ टक्के. मानेचा सर्वांत लहान व्यास ६.२ मिमी, म्हणून क्षेत्रफळ ३०.२ चौरस मिमी आणि क्षेत्रफळातील घट ६२ टक्के.

यातला ३१ टक्के हा आकडा गेज लांबी सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. कमाल भाराला ५० मिमीत १० मिमी, म्हणजे २० टक्के वाढ सर्वत्र सारखी पसरलेली होती. उरलेली ५.५ मिमी एकट्या मानेत झाली. हाच नमुना १०० मिमीच्या खुणांनी मोजला असता, तर सारखी वाढ २० मिमी झाली असती, मान मात्र तेवढीच, ५.५ मिमी. एकूण २५.५ टक्के. धातू तोच असून तन्यता कमी दिसली असती. आंतरराष्ट्रीय पद्धतीत गेज लांबी मूळ क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या ५.६५ पट घेतात ती याचसाठी, गोल नमुन्यात ती व्यासाच्या पाचपट होते. नमुना खुणेजवळ तुटला तर मानेचा काही भाग मोजणीबाहेर राहतो आणि वाढ खोटी कमी दिसते. क्षेत्रफळातील घटीला गेज लांबीची ही अडचण नसते.

वरच्या सगळ्या प्रतिबलांत भागाकार मूळ क्षेत्रफळाने केला. पण नमुना ओढला जात असताना बारीक होत असतो. त्या क्षणीच्या क्षेत्रफळाने भागले की खरे प्रतिबल मिळते. आकारमान जवळपास बदलत नाही, हे धरून मान पडेपर्यंत ते लांबीवरूनच काढता येते:

```
खरे प्रतिबल = नेहमीचे प्रतिबल × (१ + विकृती)
खरी विकृती = ln(१ + विकृती)
```

कमाल भाराला विकृती ०.२०, म्हणून खरे प्रतिबल ४४१ × १.२० = ५२९ मेगापास्कल, खरी विकृती ०.१८.

हे सूत्र तुटण्याच्या बिंदूला लावण्याचा मोह होतो. तुटतानाचे नेहमीचे प्रतिबल ३३० मेगापास्कल. त्याला १.३१ ने गुणले तर ४३२ येते, म्हणजे खरे प्रतिबल ५२९ वरून खाली आले. धातू ताणाबरोबर कठीण होत असताना हे शक्य नाही आणि चूक इथेच पकडता येते. ३१ टक्के ही संपूर्ण गेज लांबीची सरासरी आहे, मानेतली विकृती तिच्याहून कितीतरी मोठी आहे. मान पडल्यावर लांबी सोडून व्यासच मोजावा लागतो: २५,९०० भागिले ३०.२, म्हणजे ८५८ मेगापास्कल. खरी विकृती ln(७८.५४/३०.२) = ०.९६, लांबीवरून आली असती फक्त ०.२७.

अर्थात ८५८ हाही मानेच्या छेदावरचा सरासरी आकडा आहे. मानेच्या वळणामुळे आतल्या धातूवर आडवा ताणही पडतो आणि प्रतिबल मध्यभागी जास्त, कडेला कमी होते. त्यामुळे शुद्ध एकदिश ताणाचे प्रतिबल ८५८ पेक्षा थोडे कमी असते. ते काढायला मानेच्या वळणाची त्रिज्या मोजून ब्रिजमन सुधारणा लावतात. तेवढी मोजणी चाचणी चालू असताना कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतल्याशिवाय क्वचितच होते.