आवाज चढवला की प्रश्न: हे भाषेत कुठून आलं?

'तो गेला.' आणि 'तो गेला?' यात शब्द तेच आहेत, फक्त शेवटी आवाज चढला आणि विधानाचा प्रश्न झाला. वाक्यभर पसरलेल्या या चढउताराला इंटोनेशन म्हणतात, आणि शब्दाचा अर्थ त्याने बदलत नाही, 'गेला' म्हणजे गेलाच.

चिनीत मात्र पट्टी हा शब्दाचाच भाग आहे. 'माइ' आवाज वरून खाली आणत म्हटलं तर विकणे, खालच्या पट्टीत दाबून म्हटलं तर विकत घेणे, चढवत म्हटलं तर पुरणे. जवळजवळ प्रत्येक अक्षराला असा स्वतःचा टोन असतो, म्हणून ती टोन भाषा. पिच अॅक्सेंट या दोन्हीच्या मधला, तिथे शब्दात साधारण एकच जागा महत्त्वाची असते. टोकियोच्या जपानीत 'हाशी'चं पहिलं अक्षर उंच असेल तर जेवायच्या काड्या, दुसरं उंच असेल तर पूल.

आपल्याकडची वैदिक भाषाही याच गटातली, बहुतेक शब्दांना एकच उदात्त. पाणिनीने उंच तो उदात्त आणि खालचा तो अनुदात्त असं सांगितलंच, पण मला जास्त भारी वाटतं ते पुढचं, म्हणजे वाक्याच्या सुराचे नियम त्याने वेगळे दिलेत. नासदीय सूक्तात (ऋग्वेद १०.१२९) 'अधः स्विदासी३दुपरि स्विदासी३त्' असं येतं, खाली होतं की वर होतं? त्यातला ३ म्हणजे स्वर तीन मात्रा लांबवायचा, प्लुत. विचार चालू असताना असा प्लुत उदात्त होतो (८.२.९७), पण इथल्या दुसऱ्या 'आसीत्'साठी पाणिनी वेगळं सूत्र देतो की तो अनुदात्त (८.२.१०२). म्हणजे पहिला पर्याय वर, दुसरा खाली! आता 'चहा घेणार की कॉफी?' मोठ्याने म्हणून बघा, साधारण तसंच होतं.

मग टोन भाषेत प्रश्न कसा विचारायचा, टोन मोडणार नाही का? भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांनी १९३३ च्या सुमारास याला मोठ्या लाटेवरच्या छोट्या तरंगांची उपमा दिली, दोन्ही एकत्र चालतात. 'तो विकतो?' असं चिनीत विचारताना 'माइ' खालीच येतो, फक्त सगळंच वरच्या पट्टीत सरकतं आणि उतार उंचावरून सुरू होतो, त्यामुळे विकण्याचं पुरणं होत नाही.

आणि चढ म्हणजेच प्रश्न असा काही जगभरचा कायदा नाही. मराठीत 'कोण आलं' विचारताना 'कोण'च काम करतो, शेवटी आवाज उतरला तरी चालतं, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच भाषांत तर हो-नाहीचा प्रश्नसुद्धा शेवटचा स्वर लांबवून, आवाज खाली सोडून विचारतात.