भात सोडला, भाकरी वाढली

"भात सोडलंय, तरी साखर उतरणा नाय," मालवणकडच्या आमच्या एका काकूंची ही तक्रार. भाताच्या दोन वाट्यांऐवजी त्या आता ज्वारीच्या दोन भाकऱ्या खातात. घाटावरून येणारी ज्वारी कोकणात पूर्वी क्वचितच खाल्ली जायची, इथली भाकरीसुद्धा तांदळाची. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि ज्वारी एकदम औषधाच्या रांगेत जाऊन बसली. "ज्वारीत साखर नसते" हे वाक्य मी डॉक्टरच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावरही ऐकलं आहे.

पण रक्तातली साखर चढते ती मुख्यतः कर्बोदकांनी, पचताना त्यांचीच साखर होते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि तेवढ्याच कच्च्या तांदळात ७८ च्या आसपास. फरक आहे, पण भाकरी मोजायचीच नाही इतका तो मोठा नाही.

घोळ होतो तो पाण्यामुळे. तांदूळ शिजताना भरपूर पाणी पितो. १५० ग्रॅम तांदळाचा भात सुमारे ४२० ग्रॅम भरतो, पण कर्बोदकं तीच, ११७ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम भातात जेमतेम २८. भाकरीचं तसं नाही. पीठ मळताना घातलेल्या पाण्यातलं बरंचसं तव्यावर आणि विस्तवावर उडून जातं, त्यामुळे भाकरीच्या लहानशा तुकड्यातही पीठ दाटून असतं. ताटात भात डोंगराएवढा दिसतो आणि भाकरी सपाट. डोळा फसतो तो इथेच. पेजेचंही हेच गणित. मूठभर उकड्या तांदळाची पेज कितीही पातळ केली, तरी वाटीत उतरलेले तांदळाचे कण आणि पाण्यात सुटलेला स्टार्च तेवढाच. वरची निवळ काढून टाकली तर थोडाफार स्टार्च जातो, बराचसा शितातच राहतो. "शुगर-फ्री तांदूळ" विकणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही.

म्हणून शिजलेला पदार्थ मोजण्याऐवजी कच्चा मोजावा. स्वयंपाकघरात एक साधा डिजिटल काटा पुरतो. काकूंच्या घरी आम्ही तसंच केलं. २४० ग्रॅम पिठाच्या, थापताना लावलेलं पीठही त्यातच धरून, चार भाकऱ्या झाल्या. एकीत ६० ग्रॅम पीठ, म्हणजे ४१ ग्रॅम कर्बोदकं. भाताची सपाट वाटी १२० ग्रॅमची निघाली, ३४ ग्रॅम कर्बोदकांची. तीच वाटी दाबून मूद पाडली की १७० ग्रॅम, म्हणजे ४७. डाळी-कडधान्यांसाठी ढोबळ हिशेब असा, की कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास कर्बोदकं. १०० ग्रॅम तुरीच्या डाळीचं पाच वाट्या वरण झालं, वाटीला ११ ग्रॅम. १५० ग्रॅम काळ्या वाटाण्यांची पाच वाट्या उसळ, वाटीला १५.

आता बेरीज बघा. पूर्वीचं जेवण, भाताच्या दोन सपाट वाट्या, वरण, उसळ: ९४ ग्रॅम. आताचं, दोन भाकऱ्या, वरण, उसळ: १०८. भात सोडून १४ ग्रॅम वाढले!

आहारतज्ज्ञाने त्यांना एका जेवणात ६० ग्रॅमच्या आसपास राहायला सांगितलं होतं. मग तेवढ्याच पिठाच्या चारऐवजी पाच भाकऱ्या थापायच्या असं ठरलं. एकीत ४८ ग्रॅम पीठ, कर्बोदकं ३३. एक भाकरी, वाटीभर वरण, वाटीभर उसळ: ५९. ज्या दिवशी बांगड्याचं तिखलं असेल त्या दिवशी वरण-उसळ नसते आणि माशात कर्बोदकं जवळपास शून्य. मग एक लहान भाकरी आणि भात पाऊण वाटी सपाट, साधारण ५८. म्हणजे भात ताटात परत आला. काकूंना सगळ्यात बरं याचंच वाटलं.

मग ज्वारीचा काहीच उपयोग नाही? आहे, थोडा. तिच्यात तंतू जास्त असतात. शिवाय तिच्या दाण्यात काफिरिन नावाचं प्रथिन स्टार्चच्या कणांना वेढून असतं. ओल्या उष्णतेत या प्रथिनाच्या रेणूंमध्ये गंधकाचे पूल तयार होतात, जाळं घट्ट होतं आणि पाचक विकरांना आत शिरायला वेळ लागतो. पण पीठ जितकं बारीक तितकं हे जाळं फाटलेलं, आणि उकळतं पाणी घालून मळलं की स्टार्च फुगून पचायला सोपा होतो. त्यामुळे साखर जरा सावकाश चढेल एवढंच, दुसरी भाकरी फुकट मिळत नाही. सकाळी घेतलेला कारल्याचा रस दुपारची भाकरी वजा करतो, हाही तसलाच समज.

हिशेब बरोबर आहे की नाही ते ग्लुकोमीटर सांगतो. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजायचं. बहुतेकांसाठी दुसरा आकडा १८० च्या आत असावा. मीटरच्या आकड्यातही इकडेतिकडे १५ टक्के फरक पडू शकतो, म्हणून एका दिवसावरून ठरवू नये, तेच जेवण दोनतीनदा तपासावं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर जेवणातली कर्बोदकं १०८ ग्रॅमवरून ५९ वर आणण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, कारण डोस जुन्या जेवणाचा असतो आणि साखर एकदम खाली घसरू शकते. थरथर, घाम, भोवळ ही त्याची खूण, आणि अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यायची.