उत्पादन अहवालाची पडताळणी (फ्लाय ॲश वीट कारखाना)

उत्पादन अहवालात छापलेली उतारा, रिजेक्शन आणि कार्यक्षमता यांची टक्केवारी मूळ नगसंख्येवरून पुन्हा काढून पाहणे म्हणजे अहवालाची पडताळणी. मूळ नगसंख्या तीन असतात: कामाला घेतलेले नग, चांगले निघालेले नग आणि बाद झालेले नग. कामाला घेतलेल्या नगांपैकी चांगले निघालेल्यांचा वाटा म्हणजे उतारा आणि बाद झालेल्यांचा वाटा म्हणजे रिजेक्शन. या नोंदीत विदर्भाच्या ग्रामीण भागातील फ्लाय ॲश विटांच्या कारखान्याचे उदाहरण घेतले आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, तिरोडा येथील औष्णिक वीज केंद्रांची राख वापरणारे असे छोटे कारखाने या भागात आहेत. या धंद्यात वीट आज दाबली जाते आणि चांगली की बाद हे पाणी मारण्याचे दिवस पूर्ण झाल्यावर, साधारण दोन ते तीन आठवड्यांनी ठरते. त्यामुळे अहवालातल्या चुका इथे सहज लपतात.

नग कुठे मोजले जातात

राख, चुना किंवा सिमेंट आणि गिट्टीची चुरी पॅन मिक्सरमध्ये कालवून माल हायड्रोलिक प्रेसच्या साच्यात जातो. प्रेसच्या एका ठोक्याला साच्यात जितकी घरे तितक्या विटा निघतात. ओल्या विटा पाटीवरून उचलून आवारात नेतात, एक-दोन दिवसांनी थप्पी लावतात आणि मग रोज पाणी मारतात. मोजणीच्या जागा तीन आहेत: प्रेसचा ठोके मोजणारा काउंटर, थप्पी लावताना मुकादमाने केलेली मोजणी आणि गाडी भरताना किंवा माल तयार ठरवताना होणारी शेवटची मोजणी. तिन्ही ठिकाणचे आकडे वेगळे येणारच. त्यांच्यातला प्रत्येक फरक कुठेतरी नोंदलेला असला पाहिजे, एवढेच पाहायचे असते.

‘कामाला घेतलेले नग’ म्हणजे प्रेसमधून निघालेल्या विटा, थप्पीत लागलेल्या नव्हेत. ही व्याख्या अहवालाच्या डोक्यावर लिहिलेली नसेल तर पुढची कोणतीही टक्केवारी तपासता येत नाही.

एका पाळीचे उदाहरण

एका दिवसपाळीत काउंटरवर १,१२५ ठोके दिसतात. साच्यात ८ घरे आहेत, म्हणजे ९,००० विटा दाबल्या. त्या लॉटचे पाणी मारणे संपल्यावर अहवाल असा येतो: कामाला घेतलेले नग ९,०००, चांगले ८,४६०, बाद ३६०, उतारा ९५.९ टक्के, रिजेक्शन ४.१ टक्के, कार्यक्षमता ९२.६ टक्के.

उतारा आणि रिजेक्शन यांची बेरीज बरोबर १०० येते, म्हणून पाहणाऱ्याला अहवाल ठीक वाटतो. टक्क्यांची बेरीज आधी करण्यातला धोका हाच. आधी नगांची बेरीज करावी. ८,४६० आणि ३६० मिळून ८,८२० होतात. ९,००० मधून १८० विटा कुठे गेल्या याचे उत्तर अहवालात नाही.

त्या बहुतेक पाटीवरून उचलताना किंवा थप्पी लावताना कोपरे तुटलेल्या ओल्या विटा असतात. त्यांचा माल अजून घट्ट झालेला नसतो, म्हणून तो फोडून पुन्हा मिक्सरमध्ये टाकतात. माल वाया गेला नाही, मग नोंद कशाला, असा विचार होतो. पण तो माल पुन्हा साच्यातून गेला की काउंटर त्याला दुसऱ्यांदा मोजतो. शिवाय त्या १८० विटांना प्रेसचे जवळपास २३ ठोके, वीज आणि उचलणाऱ्याची मजुरी लागलेलीच असते.

आता छेद तपासायचा. ८,४६० ला ९,००० ने भागले तर उतारा ९४.० टक्के येतो. छापलेला ९५.९ टक्के उतारा हा ८,४६० ला ८,८२० ने भागून आलेला आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने कामाला घेतलेले नग म्हणून ९,००० दाखवले आणि भागाकार मात्र थप्पीतल्या विटांनी केला. रिजेक्शनचेही तसेच: ९,००० वर ते ४.० टक्के आहे, ८,८२० वर ४.१ टक्के. ९,००० वरचे खरे चित्र असे आहे: चांगल्या ९४ टक्के, पाणी मारल्यानंतर बाद ४ टक्के, ओल्या तुटलेल्या २ टक्के.

दोन टप्प्यांचे उतारे वेगवेगळे ठेवणे चुकीचे नाही, उलट ते उपयोगी आहे. प्रेस ते थप्पी हा उतारा ९८ टक्के आणि थप्पी ते तयार माल हा ९५.९ टक्के. पण एकूण उतारा काढताना हे दोन गुणायचे असतात, त्यांची सरासरी घ्यायची नसते. ०.९८ गुणिले ०.९५९ म्हणजे ९४ टक्केच. ओली तूट वाढली तर दोष साच्यात, मालातल्या पाण्यात किंवा उचलणाऱ्याच्या हातात शोधावा. नंतरची तूट वाढली तर दोष पाण्यात आणि उन्हात शोधावा: मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सकाळचे एक पाणी चुकले तरी चुना-सिमेंट जोर धरण्याआधीच वीट कोरडी पडते आणि तिच्या कडा बोटाने झडतात. दोन्ही आकडे एकत्र केले की नेमके हे निदान हरवते.

टक्केवारी एका दशांशापर्यंत दिलेली असेल तर तीवरून नगसंख्या उलटी काढूनही पाहता येते. ९,००० वर ४.० टक्के म्हणजे ३५६ ते ३६४ नग. बाद विटांचा आकडा या पट्ट्याबाहेर असेल तर तो फरक पूर्णांकनाचा नाही, एकतर छेद बदलला आहे किंवा आकडा.

कार्यक्षमता

त्या प्रेसला एका ठोक्यासाठी २० सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला २४ विटा. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची ३० मिनिटे वजा केली की ४५० मिनिटे राहतात आणि पूर्ण क्षमता १०,८०० विटा होते. ९,००० ला १०,८०० ने भागून कार्यक्षमता ८३.३ टक्के येते. अहवालात मात्र ९२.६ टक्के आहे.

त्या दिवशी फीडर ट्रिप होऊन ४५ मिनिटे वीज नव्हती. ती वेळ लिहिणाऱ्याने परस्पर वजा केली: ४०५ मिनिटांत ९,७२० विटा निघू शकतात आणि त्यावर ९,००० म्हणजे ९२.६ टक्के. खेड्यातल्या फीडरवर वीज जाणे हा कामगारांचा दोष नाही, हे खरे. पण बंद वेळ छेदातून काढून टाकली की ती अहवालातूनच नाहीशी होते आणि महिनाअखेर विटा कमी का पडल्या याचे उत्तर कोणालाच देता येत नाही. बरे हे की बंद वेळ स्वतंत्र रकान्यात मिनिटांत लिहावी आणि तीन आकडे वेगळे द्यावेत: चालू वेळ ४०५ भागिले ४५० म्हणजे ९० टक्के, वेग ९२.६ टक्के, उतारा ९४ टक्के. या तिघांचा गुणाकार ७८.३ टक्के येतो. हेच उत्तर चांगल्या ८,४६० विटांना १०,८०० ने भागूनही आले पाहिजे, आणि येते. ही जुळणी न चुकता करावी, कारण नगसंख्या, मिनिटे आणि ठोक्याची वेळ यांपैकी एखादा आकडा एका भागाकारात एक आणि दुसऱ्यात वेगळा धरला गेला तर ती तुटते.

काउंटरवरही आंधळा विश्वास नको. हॉपर रिकामा असताना पडलेला ठोकाही तो मोजतो. सकाळी साचा बसवताना मारलेले चाचणीचे ठोके सुरुवातीच्या रीडिंगआधी झाले की नंतर, हे वहीत लिहिलेले असावे.

तारीख की लॉट

सर्वांत मोठी गफलत तारखेची असते. आज दाबलेल्या विटा आणि आज तयार ठरलेल्या विटा एका ओळीत लिहून उतारा काढला तर दोन वेगळ्या लॉटचा भागाकार होतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर उघड्या आवारातला कारखाना ६०,००० विटा दाबतो आणि मे महिन्यातल्या थप्प्यांमधून १,०५,००० तयार विटा निघतात. उतारा १७५ टक्के! अशी चूक निदान डोळ्यांत भरते. हिवाळ्यात काम वाढत असताना तीच चूक उलट बाजूने होते आणि उतारा ८८-९० टक्के दिसतो, तेव्हा ती कोणाच्या लक्षात येत नाही आणि चांगल्या टोळीला बोल लागतो.

उपाय साधा आहे. प्रत्येक थप्पीवर दाबल्याची तारीख रंगाने लिहावी आणि उतारा लॉटनुसार, लॉट संपल्यावरच काढावा. महिन्याच्या अहवालात टक्केवारीऐवजी शिलकेचा ताळा घ्यावा. समजा महिन्याच्या सुरुवातीला आवारात १,१०,००० विटा पाणी मारण्याच्या टप्प्यात होत्या. महिन्यात २,१६,००० दाबल्या, २,०५,००० चांगल्या निघाल्या, ४,००० ओल्या तुटल्या आणि ८,५०० नंतर बाद झाल्या. तर महिनाअखेर १,०८,५०० विटा उरल्या पाहिजेत. आवारात ५०० च्या २१२ थप्प्या मोजल्या गेल्या, म्हणजे १,०६,००० विटा. २,५०० विटांचा हिशेब लागत नाही, आणि तो ‘बाद’मध्ये ढकलून जुळवणे म्हणजे पडताळणीच रद्द करणे होय. हा ताळा संगणकाच्या तक्त्यात असा मांडता येतो. उत्तर शून्य आले पाहिजे:

```
=A2+B2-C2-D2-E2-F2
```

यात A2 सुरुवातीची शिल्लक, B2 दाबलेल्या, C2 चांगल्या, D2 ओल्या तुटलेल्या, E2 नंतर बाद झालेल्या आणि F2 प्रत्यक्ष मोजलेली अखेरची शिल्लक आहे.

फरक आला तर आधी अद्ध्यांकडे पाहावे. अर्ध्या तुटलेल्या विटा पाया भरायला विकल्या जातात. कोणी त्या बाद धरतो, कोणी दोन अद्ध्यांची एक चांगली वीट धरतो. अद्धा विकला गेला तरी तो बादच धरावा आणि त्याचे पैसे वेगळे दाखवावेत. मजुरी हजारामागे असते तिथे ती दाबलेल्या हजारावर आहे की चांगल्या हजारावर, हेही विचारावे, कारण ज्या मोजणीवर पैसे मिळतात ती फुगण्याकडे झुकते. ताकद आणि पाणी शोषण तपासायला लॉटमधून काढलेल्या विटा चांगल्याही नाहीत आणि बादही नाहीत. त्या थोड्याच असतात, पण ‘चाचणी’ असा रकाना नसेल तर दर लॉटला तेवढाच फरक पुन्हा पुन्हा येत राहतो.

शेवटी सरासरीबद्दल. एके दिवशी ३,००० विटांवर उतारा ८८ टक्के आणि दुसऱ्या दिवशी ९,००० विटांवर ९६ टक्के असेल, तर दोन दिवसांचा उतारा ९२ टक्के नव्हे. चांगल्या विटा २,६४० आणि ८,६४० मिळून ११,२८०, दाबलेल्या १२,०००, म्हणून उतारा ९४ टक्के. पाळ्यांची, यंत्रांची किंवा महिन्यांची टक्केवारी एकत्र करताना नेहमी नग आधी मिळवावेत आणि भागाकार शेवटी एकदाच करावा.