टाकी भरायला किती वेळ? ऑगस्टात २२ मिनिटं, मे महिन्यात ३२

पंपाच्या नेमप्लेटवर 'कमाल ८० लिटर प्रति मिनिट' असं लिहिलेलं असतं. हजार लिटरची टाकी म्हणजे १००० भागिले ८०, साडेबारा मिनिटं. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात टाकी अर्धीच भरते आणि पंपाला नावं ठेवली जातात. भागाकार बरोबरच असतो, चुकतो तो ८० हा आकडा. तो पाणी जेमतेम चढवायचं असतानाचा आहे. उंची वाढली की तोच पंप कमी पाणी देतो.

किती कमी, ते पंपाबरोबरच्या कागदावरच्या तक्त्यात असतं. अर्ध्या एचपीच्या, विहिरीत बुडवून ठेवायच्या एका पंपाचा तक्ता असा धरू: १२ मीटर हेडला मिनिटाला ६० लिटर, १५ ला ५०, १८ ला ४० आणि २१ ला २८.

हेड म्हणजे फक्त विहिरीपासून गच्चीपर्यंतची उंची नव्हे. त्यात पाइपचं घर्षणही मिळवावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की घर्षण जवळजवळ चौपट होतं. म्हणजे पंप जितकं जास्त पाणी ढकलू पाहतो, तितका पाइप जास्त अडवतो. आणि अडवणूक वाढली की पंपाचं पाणी घटतं. ही ओढाताण एका ठरावीक प्रवाहावर येऊन थांबते. आपल्याला हवा असतो तो प्रवाह.

गुहागरकडचं एक घर घेऊ. टाकीचं तोंड विहिरीच्या काठापासून ८ मीटर वर आहे आणि पाइप २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, ४० मीटर लांब. ऑगस्टात पाणी काठापासून ३ मीटर खाली, म्हणजे चढ ११ मीटर. मिनिटाला ४६ लिटर जात असतील तर या पाइपमध्ये घर्षण सुमारे ५ मीटर होतं. एकूण हेड १६, आणि तक्त्यात १५ व १८ च्या मधे पाहिलं तर १६ ला पंप साधारण ४६ लिटरच देतो. दोन्ही बाजू जुळल्या. १००० भागिले ४६, जवळपास २२ मिनिटं.

मे महिन्यात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी खाली जातं. ते काठापासून १० मीटरवर गेलं असं धरा. चढ १८ झाला. आता प्रवाह ३१ लिटरवर स्थिरावतो, घर्षण सव्वादोन मीटरच्या आसपास राहतं आणि टाकीला ३२ मिनिटं लागतात. पंप तोच, पाइप तोच. अशा वेळी विहिरीला नजर लागली म्हणून नारळ सोडण्यापेक्षा दोरी सोडून पातळी मोजावी, खरं कारण तिथेच सापडतं.

'बारीक पाइप घातला की पाणी जोरात चढतं' हाही असाच गैरसमज. नळीच्या तोंडाशी धार जोरात दिसते, पण बादलीत कमी पडतं. तोच पाइप ३२ मिलिमीटरचा केला तर घर्षण तितक्याच प्रवाहाला तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होतं. ऑगस्टात टाकी १८ मिनिटांत भरेल, मे महिन्यात मात्र २८ मिनिटं लागतीलच. तेव्हा बहुतेक हेड निव्वळ उंचीचं असतं आणि उंचीवर जाड पाइपचा इलाज नाही.

तक्ता हरवला असेल तर बादली पुरते. एक लिटरच्या बाटलीने मोजून बादलीवर २० लिटरची खूण करा, कारण दुकानातली '२० लिटरची' बादली काठोकाठ भरल्यावरच २० ची होते. मोजमाप गच्चीवर, टाकीच्या तोंडाशीच घ्यायचं. विहिरीजवळच्या नळाला घेतलं तर उंचीच नसते आणि आकडा फसवा येतो. धार स्थिर झाल्यावर बादली धरा. आधी रिकामा पाइप भरावा लागतो आणि आपल्या उदाहरणातल्या पाइपमध्येच जवळपास २० लिटर मावतात. २६ सेकंद लागले तर

```
20 × 60 ÷ 26 = 46 लिटर प्रति मिनिट
```

३९ सेकंद लागले तर ३१. टाकीत आधीचं पाणी असेल तर रिकामा भागच भागाकारात घ्या. बॉल कॉक असेल तर शेवटी तो तोंड आवळतो, तेव्हा काही मिनिटं जास्त धरा.

बादलीचे सेकंद आणि काठापासून पाण्यापर्यंतची दोरी, दोन्ही एकाच दिवशी टिपून ठेवा. पुढे कधी दोरी तेवढीच आणि सेकंद मात्र वाढले, तर दोष विहिरीचा नाही. आधी पंपाची जाळी बघा, पावसाळ्यात तांबडा गाळ आणि पाला तिथेच अडकतो. जाळी साफ असेल तर पंप चालू असताना विहिरीतल्या पाइपचे सांधे बघा, एखाद्यातून पाणी परत आत उडत असतं. तेही ठीक असतील तर पंप चालू असतानाच व्होल्टेज मोजा, कारण संध्याकाळी ते उतरलं की पंपाचा वेगही उतरतो. तिन्ही गोष्टी ठीक निघाल्या तर पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, झिजलेला असण्याची शक्यता मोठी आहे. पंप वर काढायचा खर्च तेव्हाच करावा.